सोसायटीची जुनी एक्सेल फाइल हातात आली, नोट्स काहीच नाहीत: शो फॉर्म्युलाज की ट्रेस प्रेसिडेंट्स?

मुंबईत सोसायटीची कमिटी बदलली की नव्या खजिनदाराच्या हातात एक पेन ड्राइव्ह येतो आणि त्यात मेंटेनन्सची एक्सेल फाइल असते. जुने काका सांगतात "सगळं ऑटोमॅटिक आहे, फक्त महिना बदलायचा" आणि मुलाकडे पुण्याला राहायला जातात. मग फाइलमध्ये नक्की काय चाललंय ते समजून घ्यायला एक्सेलमध्येच दोन सोयी आहेत, आणि आधी कुठली वापरायची असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर आधीच देतो: फाइल अजून ओळखीचीच नसेल तर शो फॉर्म्युलाज, आणि एखादा ठरावीक आकडा खटकत असेल तर ट्रेस प्रेसिडेंट्स. का ते मुलुंडच्या एका सोसायटीच्या फाइलवर दाखवतो. ६० फ्लॅट, खाली २ दुकानं, आणि शीट्स चार: Bill, Rates, Ledger, Summary.

शो फॉर्म्युलाज म्हणजे Formulas टॅबमधलं Show Formulas, किंवा कंट्रोल धरून टॅबच्या वरचं ते उलट्या टिंबासारखं बटण (`) दाबायचं. आकडे जातात आणि प्रत्येक सेलमध्ये त्याचा फॉर्म्युला दिसायला लागतो. कॉलम एकदम रुंद होतात, तारखेच्या जागी 45383 असलं काहीतरी येतं (ती १ एप्रिल २०२४ आहे, एक्सेल आतून तारखा अशाच मोजतं), घाबरायचं नाही, परत तेच बटण दाबलं की सगळं जागेवर. हे फक्त समोरच्या शीटपुरतं लागू होतं, म्हणजे चार शीट्स असतील तर चारदा दाबायचं.

आता Bill शीटवर थकबाकीच्या व्याजाचा कॉलम I बघा. एरवी ४२०, ३६०, ० असे शहाण्यासारखे आकडे दिसतात, कुणालाच शंका येणार नाही. शो फॉर्म्युलाज लावल्यावर वरून खाली नजर फिरवली तर हे दिसलं:

```
I26:  =ROUND(H26*Rates!$B$6/12,0)
I27:  =ROUND(H27*0.18/12,0)
I41:  0
```

Rates!B6 मध्ये २१ टक्के आहे, आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज जास्तीत जास्त तेवढंच लावता येतं. २७ व्या ओळीतल्या फ्लॅटला मात्र कुणीतरी हाताने १८ टाकलेत, म्हणजे २४,००० थकबाकीवर महिन्याला ४२० च्या ऐवजी ३६०. आणि ४१ व्या ओळीत तर फॉर्म्युलाच नाही, नुसता शून्य टाइप केलाय, थकबाकी ८,००० असताना, म्हणजे १४० रुपये दर महिन्याला गुपचूप माफ. हे ट्रेस प्रेसिडेंट्सच्या कुठल्याही बाणाने सापडलं नसतं कारण बाण काढायला आधी त्या सेलवर संशय यायला लागतो.

इथे एक युक्ती सांगतो जी फार कमी लोक वापरतात. File, Options, Formulas मध्ये जाऊन R1C1 reference style वर टिक करा आणि मग शो फॉर्म्युलाज लावा. नेहमीच्या पद्धतीत H26, H27, H28 असं प्रत्येक ओळीत वेगळं दिसतं म्हणून डोळा थकतो, पण या पद्धतीत कॉपी केलेला फॉर्म्युला सगळ्या ओळींत अक्षरशः एकसारखा दिसतो:

```
=ROUND(RC[-1]*Rates!R6C2/12,0)
```

मग जो वेगळा तो लगेच डोळ्यात खुपतो, साठ काय सहाशे ओळी असल्या तरी. काम झालं की टिक काढून टाका, नाहीतर पुढचा माणूस कॉलमच्या डोक्यावर ए बी सी च्या जागी आकडे बघून फोन करेल.

ट्रेस प्रेसिडेंट्सचं काम उलट्या दिशेचं. एका सेलवर उभं राहायचं, Trace Precedents दाबायचं (अल्ट, एम, पी एकामागून एक), की त्या सेलला आकडे पुरवणाऱ्या सेल्सपासून निळे बाण येतात. परत दाबलं की त्यांच्याही मागची पायरी. दुसऱ्या शीटवरून काही येत असेल तर काळी तुटक रेघ आणि एक छोटं शीटचं चित्र दिसतं, आणि इथेच लोक थांबतात, त्यांना वाटतं पुढे काही नाही. त्या तुटक रेघेवर नीट डबल क्लिक करा, रेघेवरच, चित्रावर नाही, मग Go To ची खिडकी उघडते, त्यातला पत्ता निवडून ओके केलं की थेट तिकडे नेऊन ती रेंज सिलेक्ट करून देतं.

याचा खरा फायदा Summary शीटवर कळला. महिन्याच्या एकूण बिलाचा सेल:

```
=SUM(Bill!J5:J64)
```

शो फॉर्म्युलाजमध्ये हे वाचून काहीच खटकत नाही, ६० फ्लॅट, ६० ओळी, बरोबरच आहे की. पण तुटक रेघेवरून Bill वर गेलं तर सिलेक्शन ६४ ला संपलेलं दिसतं आणि त्याच्या खालीच ६५ आणि ६६ मध्ये दोन दुकानं उघडी बसलेली. दुकानांची बिलं निघतायत, पैसे येतायत, पण एकूणमध्ये ती नाहीतच. रेंज वाचणं वेगळं आणि ती शीटवर कुठे संपते हे बघणं वेगळं.

पण बाणांवर आंधळा विश्वास ठेवू नका. थकबाकीचा कॉलम H बघा:

```
=VLOOKUP(A27,Ledger!$A$4:$L$65,11,FALSE)
```

इथे बाण एवढंच सांगतो की Ledger ची अख्खी रेंज वापरली जातेय, त्यातला कुठला कॉलम उचलला ते नाही. फॉर्म्युला वाचला तर मात्र गंमत कळते: A पासून L म्हणजे १२ कॉलम, आणि मागितलाय ११ वा. कधीतरी कुणीतरी मध्ये एक कॉलम घुसवला, रेंज आपोआप K ची L झाली, पण ११ हा साधा आकडा असल्यामुळे तसाच राहिला. आजची बाकी L मध्ये सरकली आणि बिलात मागच्या महिन्याची बाकी येत राहिली, जी खरी वाटण्याइतपत जवळची असते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. INDIRECT असेल तर आणखी वाईट, पत्ता जिथे लिहिलाय त्या सेलपर्यंतच बाण जातो, खरा आकडा जिथून येतो तिथपर्यंत नाही.

बारीकसारीक फरक पण आहेत. शीट पासवर्डने लॉक असेल तर बाणांची बटणं बंद दिसतात, पासवर्ड काकांकडूनच घ्यावा लागेल. मध्ये ओळ घातली किंवा फॉर्म्युला बदलला की बाण पुसले जातात, म्हणून तपासताना दुरुस्ती करत बसू नका, आधी कागदावर सेलचे पत्ते लिहून घ्या.

आणि फाइल गूगल शीट्सवर चढवलेली असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, तिथे फॉर्म्युले दाखवायची सोय आहे पण बाण नाहीत, बाण हवे असतील तर फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडा. १८ टक्के का लावले, शून्य कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून टाकला, हे दोन्हीतलं काहीच सांगणार नाही. त्यासाठी कमिटीचं मिनिट बुक काढा, त्या सभासदाला व्याजाची सूट देणारा ठराव सापडला तर Rates शीटवर त्याची वेगळी ओळ करा, आणि ठराव नसेल तर फॉर्म्युला परत २६ व्या ओळीवरून खाली कॉपी करण्याआधी कमिटीत विषय मांडा, कारण पुढच्या बिलात व्याज वाढलेलं दिसलं की तो सभासद पहिल्यांदा तुमच्याच दारावर येणार आहे.