सवलतीच्या दुकानाचा मालक पैसे भरण्यापूर्वी शोधावा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या वहिनींनी मोबाइलवरील एका जाहिरातीतून ८,५०० रुपयांचा मिक्सर १,६९९ रुपयांत मागवला. आठवडाभर त्यांना ट्रॅकिंग क्रमांक दाखवला जात होता, नंतर संकेतस्थळच बंद झाले आणि मिक्सर आलाच नाही. वहिनींनी जपून ठेवलेले स्क्रीनशॉट मी पुन्हा पाहिले, तेव्हा ही फसवणूक पैसे भरण्याआधीच ओळखता आली असती हे स्पष्ट झाले, म्हणून हे लिहीत आहे.

त्या पानावर ‘२००९ पासून आपल्या सेवेत’ असे ठळकपणे लिहिले होते. संकेतस्थळाचा पत्ता ‘हू-इज’ शोधसेवेत टाकला की Creation Date या ओळीत नोंदणीची तारीख दिसते, आणि इथे ती जेमतेम महिनाभरापूर्वीची होती. नवे दुकान खोटेच असते असे नाही, पण आपल्या वयाबाबत खोटे बोलणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह पाहून वहिनी निश्चिंत झाल्या होत्या. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही.

सर्वांत बोलका पुरावा जीएसटी क्रमांकात होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात. महाराष्ट्रासाठी ते २७ असतात. पानावर पत्ता पुण्याचा होता, क्रमांक मात्र ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी सुरू होत होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो टाकल्यावर नोंदणी खरी निघाली, पण ती बांधकाम साहित्याच्या एका व्यापाऱ्याची होती. क्रमांक खरा असणे म्हणूनच पुरेसे नाही; नोंदणीतले नाव, पत्ता आणि व्यवसाय दुकानाशी जुळले पाहिजेत.

घरपोच पैसे देण्याचा पर्याय सुरुवातीला दाखवला होता, पण शेवटच्या पायरीवर ‘आपल्या पिनकोडसाठी उपलब्ध नाही’ असा संदेश आला आणि क्यूआर कोड पुढे करण्यात आला. कोड स्कॅन केल्यावर, पिन टाकण्यापूर्वी, यूपीआय ॲप पैसे घेणाऱ्याचे नाव दाखवते. तिथे कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव होते, आणि कोडखाली बारीक अक्षरांत ‘नाव वेगळे दिसल्यास काळजी करू नये’ अशी सूचना होती. लहान व्यावसायिकाचे खाते स्वतःच्या नावावर असू शकते, हे मला मान्य आहे. मात्र ग्राहकाने ते नाव पाहूनही दुर्लक्ष करावे, अशी तजवीज आधीच करून ठेवणारा विक्रेता माझ्या मते विश्वासास पात्र नाही.

पैसे गेलेच असतील, तर मालाची वाट पाहत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. ट्रॅकिंग क्रमांकाच्या भरवशावर वहिनींचे नेमके तेच दिवस वाया गेले.