९,२०० रुपये मोजून आईच्या करंगळीला जखम करून घेतली

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मधुमेहींसाठी मोफत पाय तपासणी शिबिर झालं. तिथे मी आईसाठी ९,२०० रुपये दिले. ६,८०० बुटांचे, २,४०० 'खास तिच्या पायासाठी बनवलेल्या' इनसोलचे. फुकट तपासायचं आणि मग माल गळ्यात मारायचा, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता. पण आईच्या पायातून चप्पल निसटते आणि ती तशीच चार पावलं पुढे जाते, हे मी महिनाभर बघत होते. बावीस वर्षांची शुगर, तळव्यांना काही जाणवत नाही. अशा वेळी पांढऱ्या कोटातला माणूस आईला मशीनवर उभं करून पडद्यावर लाल डाग दाखवून "ताई, इथेच अल्सर होणार" म्हणाला, तर कुठली मुलगी घासाघीस करत बसेल?

तरी एक क्षण मला अजून झोपू देत नाही. मशीनवरून आई उतरली आणि त्याने विचारलं, "मावशी, चपलेचा नंबर किती?" आई म्हणाली सहा, त्याने सहाचा खोका काढला. तिथेच उठायला हवं होतं! नंबर म्हणजे फक्त लांबी. पंजा किती रुंद आहे हे नंबरात येत नाही, आणि याने पट्टीसुद्धा लावली नाही. बूट घालून आई म्हणाली, "छान घट्ट बसलाय." मी खूश झाले. संवेदना गेलेल्या माणसाला बूट घट्ट असला तरच तो पायात आहे असं वाटतं, म्हणून अशी माणसं बरेचदा लहान माप निवडतात, हे मला डॉक्टरांकडून नंतर कळलं.

चौथ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला फोड फुटलेला, दुसऱ्या बोटावर साल निघालेली. आईला काहीच कळलं नव्हतं. मोजा पांढरा होता म्हणून मला तरी दिसलं.

पायाच्या डॉक्टरांनी आईला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीवर बूट ठेवला. करंगळीकडची रेघ बुटाच्या बाहेर राहिली. मग मला आत हात घालायला लावला. नेमकी करंगळीपाशी एक जाड शिवण बोटाला टोचली. इनसोल तर बुटातल्या मूळ गादीवरच चढवलेला होता. त्यामुळे पाऊल वर उचललं गेलं आणि बोटं छताला घासली. मधुमेहींच्या बुटाला जास्तीची खोली असते ती यासाठीच, जाड इनसोल घालूनही बोटांना जागा उरावी म्हणून. आणि 'खास' इनसोल? दाबला की अंगठा तळाला टेकत होता, साधा स्पंज. शेजारच्या काकूंना दिलेलाही हुबेहूब तोच निघाला. सहा आठवड्यांच्या ड्रेसिंगचे ४,३५० रुपये गेले ते वेगळे.

चौकीत गेले. "बूट घेतले, बूट मिळाले, मग फसवणूक कसली?" लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायला साहेब नाहीत. दोनदा हेलपाटा. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर विक्रेत्याचा पत्ता मागितला. तो असता तर मीच दारात जाऊन बसले नसते का? कार्डावरचा नंबर बंद. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात वर केले, "आम्ही फक्त हॉल भाड्याने दिला." भाडं १,५०० घेतलं, पण भाडेकरूचं ओळखपत्र घेतलं नाही! एका बाईचा पाय गेला असता आणि प्रत्येकजण मला पुढच्या खिडकीकडे पाठवत राहिला.

जीएसटी नंबर असलेलं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजून मोठा झालेला असतो. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट वाकवून बघा, चवड्यापाशी वाकायला हवा. आईचा मधोमध दुमडत होता. 'अमेरिकन ब्रँड' म्हणाले तर खोक्यावर रुंदीचं अक्षर शोधा. न्यू बॅलन्ससारखी कंपनी एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट देते, बायकांच्या मापात बी साधं, डी रुंद, टूई त्याहून रुंद. ऑर्थोफीट, डॉ. कम्फर्ट जास्त खोलीचे बूट करतात. पण बोटं वाकडी झाली असतील किंवा आधी जखम होऊन गेली असेल, तर तयार बूट नकोच, डॉक्टरांच्या मापानेच करून घ्या.

आई आता डॉक्टरांनी सांगितलेले, मागे पट्टा असलेले, एमसीआर नावाच्या मऊ रबराचे सँडल घालते. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग पाय तपासायचा, मग थोडा वेळ वाढवायचा. रोज रात्री तिची पावलं मी दिव्याखाली बघते. करंगळीवरची कातडी अजून गुलाबी आहे.