सिंक तेलाने तुंबलंय: गरम पाणी, प्लंजर की सरळ बॉटल ट्रॅप उघडायचा?

ॲसिड, पावडर नको असेल तर घरच्या घरी करण्यासारखे हे तीन मार्ग राहतात. बॉटल ट्रॅप म्हणजे सिंकखाली पाइपाला लावलेला बाटलीसारखा भाग, घाण त्यात अडकते. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर मी धरलंच नाही, फेस मस्त येतो पण दोघं एकमेकांनाच मारून टाकतात आणि तेलाचा थर आहे तिथेच राहतो.

गरम पाणी सगळ्यात सोपं. उभं पाणी मगाने काढायचं, भांड्यांचं लिक्विड दोन-तीन चमचे जाळीत ओतायचं, दहा मिनिटांनी गरम पाणी हळूहळू. उकळतं नको हं, पीव्हीसी मऊ पडतो आणि सांधे गळायला लागतात. पाणी हळू का होईना उतरत असेल तर याने फरक पडतो, पण मला याचाच एक वैताग आहे. तूप-डालडा वितळतं, पुढे जातं आणि भिंतीतल्या पाइपात गार होऊन परत बसतं. आमच्याकडे दिवाळीच्या फराळानंतर हेच चालायचं, आज मोकळं आणि थोड्या दिवसांनी तांदूळ धुवायला घेतले की पाणी परत उभं.

प्लंजर पूर्ण चोकअपला बरा. रबर बुडेल एवढं पाणी हवं आणि सिंकला वरचं ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओला फडका घट्ट कोंबायचा, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. आधी कोणी केमिकल टाकलं असेल तर मात्र प्लंजर मारू नका आणि ट्रॅपही उघडू नका, ते पाणी डोळ्यात उडतं.

मी आता सरळ बॉटल ट्रॅप उघडतो. प्रत्येकाला जमेलच असं नाही, वासही येतो, पण घाण पुढे न ढकलता हातात येते हे मला पटतं. खाली बादली ठेवायची, ट्रॅपची खालची वाटी हाताने उलटी फिरवायची (पान्याने जोर लावला की आटे तुटतात), आत पांढरा चिकट गोळा सापडतो, त्यात भाताची शितं आणि चहाचा चोथा अडकलेला असतो. तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, वाटी आणि आतली नळी जुन्या टूथब्रशने लिक्विड लावून घासायची. वॉशर सरळ बसवून हातानेच आवळायचं, मग सिंक अर्धं भरून एकदम सोडायचं आणि सांध्याखाली कोरडा कागद धरायचा, ओला झाला तर वॉशर तिरकं बसलंय. वॉशर कडक झालं असेल तर तेच घेऊन हार्डवेअरवाल्याकडे जा, मापाचं मिळतं.

ट्रॅप स्वच्छ निघाला आणि तरी पाणी उभं, किंवा सिंक सोडलं की नहाणी ट्रॅपमधून खरकटं वर येतंय, तर चोकअप पुढच्या लाइनमध्ये आहे. तिथे यातलं काही करत बसू नका, सोसायटीच्या प्लंबरला बोलवा, त्याच्याकडे लांब स्प्रिंग असते.