रिकाम्या हॉटेलच्या फोटोत गिऱ्हाईक भरावं का? तीन पर्यायांची तुलना

नवं हॉटेल उघडायच्या आठवड्यात मालक हमखास विचारतात, "हॉल फार ओकाबोका दिसतोय हो, थोडी माणसं टाकता येतील का?" येतात. हल्ली फोनवरच्या एआयनंही दहा मिनिटांत येतात. मी हॉटेलांचे फोटो काढतो आणि पूर्वी अशी माणसं टाकूनही दिली आहेत. आता देत नाही.

बहुतेकांना वाटतं की यात खोटं एवढंच, की गर्दी नसताना गर्दी दाखवली. माझ्या मते त्याहून मोठं खोटं जागेबद्दल असतं.

रिकाम्या हॉलचा फोटो काढताना खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या असतात, कारण तसं नीटनेटकं दिसतं. त्या फोटोत माणसं भरली की ती त्या आत सरकवलेल्या खुर्च्यांवरच बसतात. खरा माणूस बसतो तेव्हा खुर्ची टेबलाच्या कडेपासून साधारण दीड फूट मागे येते. दोन टेबलांच्या मध्ये पाच फुटांची वाट आहे असं समजा. दोन्ही बाजूंनी माणसं बसली की तीन फूट खुर्च्यांनी खाल्ले, वेटरला उरले दोन फूट. थाळ्या घेऊन तो तिथून अंग चोरूनच जाणार. फोटोत मात्र हॉल भरलेलाही दिसतो आणि वाटही ऐसपैस दिसते. प्रत्यक्षात या दोन गोष्टी त्या हॉलमध्ये एकत्र कधीच नसतात.

दुसरी गोष्ट मापाची. रिकाम्या खोलीचा आकार डोळ्यांना नीट कळत नाही. माणूस दिसला की आपण त्याच्यावरून खोली मोजतो. टाकलेली माणसं 15 टक्के लहान पडली, तर 24 बाय 18 फुटांचा हॉल जवळपास 28 बाय 21 चा वाटू लागतो. म्हणजे 432 चौरस फुटांचे जवळजवळ 600 झाले. माणसं लहान टाकण्याचा मोह होतोच, कारण तशी जास्त मावतात. हे ओळखायची खूण आहे. कॅमेरा चार फुटांवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर जवळच्या आणि लांबच्या बसलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे साधारण एकाच आडव्या रेषेत यायला हवेत. लांबची डोकी त्या रेषेच्या बरीच खाली गेली असतील, तर माप चुकलेलं आहे.

माझ्याच एका फोटोवरून एका कुटुंबानं बारा जणांचा वाढदिवस ठरवला होता. फोटोत कोपऱ्यातल्या टेबलाभोवती मी दहा माणसं बसवली होती. प्रत्यक्षात तिथे सहा नीट बसत. आजोबांची व्हीलचेअर दोन टेबलांमधून जाईना, म्हणून त्यांना दाराजवळ वेगळं बसवावं लागलं. जेवण उत्तम होतं, तरी ते लोक पुन्हा आले नाहीत. चूक हॉटेलची नव्हती, माझी होती.

आता पर्याय. रिकामा फोटो जसाच्या तसा लावला, तर जागा खरी कळते, पण हॉटेल निर्जीव वाटतं. तो लावायचाच असेल तर निदान खुर्च्या दीड फूट बाहेर ओढून काढा.

दुसरा पर्याय कॅमेरा तिपाईवर पक्का करून तीनचार माणसांना एकेका टेबलावर बसवत जायचं आणि शेवटी सगळे फोटो जोडायचे. माप, सावल्या, खुर्च्या, सगळं खरं येतं. गर्दी मात्र खोटीच, म्हणून खाली 'जोडलेलं चित्र' असं लिहायला हवं. गुगलवर हॉटेलच्या पानासाठी हा फोटो मी देत नाही, कारण तिथला नियमच आहे की फोटोत मोठे फेरफार नकोत, वास्तव दिसावं. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. बाहेरून आणलेली माणसं चिकटवणं किंवा एआयकडून भरून घेणं हाही याच वाटेचा प्रकार, फक्त त्यात मापही हातचं जातं. इमारत अजून उभीच नसेल आणि खाली ठळक 'कल्पनाचित्र' लिहिलं असेल, तेव्हाच मी ते मान्य करतो.

तिसरा पर्याय मी सुचवतो. उद्घाटनाआधी आठदहा ओळखीच्यांना जेवायला बोलवा आणि तेवढाच कोपरा दाखवा. कॅमेरा इथेही तिपाईवरच असू द्या आणि शटर पाव सेकंदावर ठेवा. बसलेली माणसं बऱ्यापैकी स्पष्ट येतात आणि ताटं घेऊन जाणारा वेटर पुसट होतो, त्यामुळे चार टेबलांतही लगबग दिसते. खर्च दहा ताटांचा आणि एका संध्याकाळचा. फोटो वापरणार हे पाहुण्यांना आधी सांगून त्यांची परवानगी घ्या. आणि पूर्ण हॉलचा एक फोटो, खुर्च्या बाहेर ओढलेला, त्याच्या शेजारीच लावा. बारा जणांचं टेबल ठरवणारा माणूस तोच बघतो.