दर खरा, तारीख खरी, तरी किलोमागे 14 रुपये गेले

द्राक्षाचा हिशेब युरोत होतो आणि पैसे रुपयांत मिळतात. या दोहोंच्या मधल्या जागेत आमच्या गटाची फसवणूक झाली. निफाड-दिंडोरीकडच्या आणि इतरही द्राक्ष उत्पादकांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. आकडे डोक्यात राहावेत म्हणून दरातले पैसे गाळून पूर्ण रुपये धरले आहेत.

आमच्या गटाचा माल एका निर्यातदारामार्फत रॉटरडॅमला गेला. एक रीफर कंटेनर, 13 टन, दर किलोला 2 युरो. म्हणजे इन्व्हॉइस 26,000 युरोंचं. इन्व्हॉइसची तारीख 27 फेब्रुवारी 2025. तांबड्या समुद्रातून जहाजं जाईनाशी झाल्यापासून आफ्रिकेला वळसा घालून माल जात होता, त्यामुळे तो पोहोचायलाच एप्रिल उजाडला. पैसे आले 23 एप्रिलला. मे महिन्यात निर्यातदाराने हिशेबपट्टी दिली आणि सोबत इन्व्हॉइसची प्रत जोडली. प्रतीवर स्वच्छ छापलेलं होतं: विनिमय दर 1 युरो = 89 रुपये, दिनांक 27 फेब्रुवारी 2025.

दर आणि तारीख दोन्ही लिहिलेले असले की माणसाला वाटतं, आता लपवण्यासारखं काय उरलं? गटातल्या एकाची मुलगी बी.कॉम. झालेली आहे. तिने तरीही तपासलं. आपल्या देशात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचा रोजचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. 2018 पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. fbil.org.in वर मागच्या तारखांचे दरही सापडतात. 27 फेब्रुवारीला युरो 91 च्या आसपास होता. पट्टीत 89.

तिने निर्यातदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तो बाजारातला दर. इन्व्हॉइसवर कस्टम्सचा दर लावावा लागतो, कायदाच तसा आहे. आइसगेटवर बघून घ्या."

तिने कस्टम्सच्या त्या संकेतस्थळावर पाहिलं आणि तो खरं बोलत होता. मालाच्या निर्यातीचं मूल्य रुपयांत दाखवताना जीएसटीच्या नियम 34 प्रमाणे कस्टम्सने अधिसूचित केलेला दर घ्यावा लागतो. हा दर रोज बदलत नाही. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी नवा दर ठरतो आणि पुढच्या बदलापर्यंत तोच चालतो. पूर्वी त्यासाठी दर वेळी अधिसूचना निघायची, जुलै 2024 पासून तो थेट icegate.gov.in वर येतो. त्यात दोन रकाने असतात, एक आयातीचा आणि एक निर्यातीचा. निर्यातीचा दर आयातीपेक्षा कमी असतो. युरोच्या बाबतीत हा फरक साधारण तीन रुपयांचा पडतो, म्हणून निर्यातीचा दर बाजारभावाच्याही खाली राहतो. शिपिंग बिलातली रक्कम आणि त्यावर मिळणारे सरकारी परतावे याच दराने मोजले जातात. 20 फेब्रुवारी हा त्या महिन्यातला तिसरा गुरुवार होता. तेव्हा ठरलेला दर 27 तारखेला लागू होता, आणि तो जुळला.

गटातले बहुतेक जण इथेच थांबले. सरकारी दर आहे, तारीख बरोबर आहे, आता भांडायचं कशावरून? आणि फसवणूक नेमकी इथेच होती. तो दर सरकारला माल किती रुपयांचा हे सांगण्यासाठी असतो. त्या दराने कुणाच्याही खात्यात कधीच पैसे येत नाहीत. निर्यातदाराला पैसे मिळतात ते त्याची बँक ज्या दिवशी युरो घेऊन रुपये देते, त्या दिवशीच्या बँकेच्या दराने. आमच्या करारात तर हे शब्दांत लिहिलेलं होतं: "परकीय चलन बँकेत जमा होऊन रुपयांत रूपांतरित होईल त्या दिवशीचा बँकेचा प्रत्यक्ष दर." हे वाक्य त्या निर्यातदारानेच घालून घेतलं होतं. युरो पडला तर नुकसान शेतकऱ्याच्या माथी जावं, हा त्याचा हिशेब. युरो चढला तेव्हा मात्र त्याने करार बाजूला ठेवला आणि इन्व्हॉइस पुढे केलं.

आणि युरो चांगलाच चढला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीने संरक्षण आणि पायाभूत सोयींसाठी मोठं कर्ज काढायची योजना जाहीर केली आणि एका आठवड्यात युरो 91 वरून 94 वर गेला. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या गोंधळात डॉलर घसरला, तसा युरो आणखी वर सरकला. 23 एप्रिलला तो 97 च्या आसपास होता. आमचा माल समुद्रात असताना प्रत्येक युरोमागे सहा रुपये वाढले होते.

हे त्या मुलीला कशावरून कळलं, तर त्याच पट्टीच्या खालच्या भागावरून. रॉटरडॅमच्या आयातदाराने बंदरातली हाताळणी, शीतगृह, पुन्हा पॅकिंग आणि त्याचं कमिशन असे 4,000 युरो कापून घेतले होते. पट्टीत ही वजावट 97 रुपये दराने लावली होती. ती म्हणाली, "काका, येणं 89 ने आणि देणं 97 ने? एकाच कागदावर युरोचे दोन भाव कसे?"

निर्यातदाराचं उत्तर तयार होतं. खर्च एप्रिलमध्ये झाला म्हणून एप्रिलचा दर, विक्री फेब्रुवारीची म्हणून फेब्रुवारीचा. ऐकायला बरोबर वाटतं. पण आयातदाराने ते 4,000 युरो स्वतःकडेच कापून उरलेले 22,000 युरो पाठवले होते. कापलेले युरो भारतात आलेच नाहीत, त्यांचे रुपये कधी झालेच नाहीत. मग त्यांना रुपयांचा कुठलाही दर लावायचा प्रश्नच येत नाही. आधी युरोतून युरो वजा करायचे आणि उरतील त्यांचेच रुपये करायचे.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. त्याच्या पद्धतीने 26,000 युरो गुणिले 89 म्हणजे 23,14,000 रुपये. त्यातून 4,000 गुणिले 97, म्हणजे 3,88,000 वजा. उरले 19,26,000. कराराप्रमाणे 22,000 युरो बँकेत आले. बँक स्वतःचा फरक ठेवून बाजारापेक्षा थोडा कमी दर देते, तो 96 होता. म्हणजे 21,12,000 रुपये. फरक 1,86,000 रुपयांचा, किलोमागे 14 रुपयांहून जास्त. इथला वाहतूक, पॅकहाऊस आणि त्याच्या सेवेचा खर्च मी यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे सारखाच वजा होतो आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती.

बँकेचा 96 चा दर आम्हाला सहज कळला नाही. पैसे आले की बँक निर्यातदाराला सूचनापत्र देते. किती परकीय चलन आलं, कुठल्या तारखेला, कुठल्या दराने रुपये झाले आणि शुल्क किती कापलं, हे सगळं त्यात असतं. आम्ही ते मागितलं तर "बँकेची कागदं गोपनीय असतात" असं ऐकवलं. मग सांगितलं की पैसे परकीय चलनाच्या खात्यातच ठेवलेत, अजून रुपये केलेच नाहीत. निर्यातदाराला असं खातं ठेवता येतं, हे खरं आहे. पण त्यात आलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते. आणि रुपये केलेच नसतील, तर आम्हाला दिलेले रुपये कुठल्या दराने, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. नंतर तो म्हणाला, दर आधीच बँकेकडे बांधून ठेवला होता. यातही खोटं असायलाच हवं असं नाही. असा वायदा करणं रीतसर आहे, आणि तसं असेल तर वायद्याचा दरच त्याचा प्रत्यक्ष दर ठरतो. पण त्याचा करार बँकेकडून तारखेनिशी लेखी मिळतो. तो त्याला दाखवता आला नाही.

वकिलामार्फत नोटीस गेल्यावर सूचनापत्र बाहेर आलं. 23 एप्रिल, 22,000 युरो, 96. वायदा नव्हता, वेगळं खातंही नव्हतं. पुष्कळ ओढाताण होऊन फरकातले 1,20,000 रुपये मिळाले. बाकीच्यासाठी दावा लावायचा तर त्यात गटाचे आणखी पैसे आणि हंगाम गेला असता, म्हणून आम्ही थांबलो. हे मला आजही सलतं, कारण ज्यांनी हिशेब विचारला नाही त्या दुसऱ्या गटांना त्याने काहीच परत केलेलं नाही.

तुमच्या पट्टीत असं काही आहे का, हे पाहायला एक भागाकार पुरतो. पट्टीतून इथला रुपयांतला खर्च वगळा. त्याआधीची जी रक्कम येते, तिला प्रत्यक्ष आलेल्या निव्वळ युरोंनी भागा. आमचं उत्तर आलं साडेसत्त्याऐंशी. माल निघाल्यापासून पैसे येईपर्यंत बाजारात युरो एकदाही इतका खाली नव्हता. इन्व्हॉइसवरच्या कस्टम्सच्या दरापेक्षाही हा आकडा कमी होता. त्या सबंध काळातल्या कुठल्याच दिवशी नसलेला दर तुम्हाला मिळाला असेल, तर इन्व्हॉइसवर दर आणि तारीख कितीही ठळक छापलेली असो, बँकेचं सूचनापत्र मागा. पट्टी येनमध्ये असेल तर एक लक्षात ठेवा की येनचे अधिकृत दर 100 येनला सांगतात. आणि दराची तारीख म्हणून रविवार किंवा बँकेची सुट्टी लिहिलेली दिसली, तर त्या दिवशी एफबीआयएलचा दर निघतच नाही, तेव्हा तो आकडा कुठून आला हे विचारा.

आम्ही नव्या करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या. परदेशातली वजावट युरोतच होईल. रुपये बँकेच्या सूचनापत्रातल्या दराने मोजले जातील. आणि सूचनापत्राची प्रत पट्टीला जोडल्याशिवाय पट्टी अंतिम धरली जाणार नाही. पहिल्या निर्यातदाराने यावर सही करायला नकार दिला. दुसऱ्याने केली.

ज्यांचा माल फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये युरोपात गेला आणि हिशेब एप्रिल-मेमध्ये झाला, त्यांनी जुन्या पट्ट्या काढून हा भागाकार करून पाहावा. थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती अजून संपलेली नसेल तर लेखी मागणी करायला उशीर करू नका.