आई-बाबा अमेरिकेत येणार: फिक्स्ड, कॉम्प्रिहेन्सिव्ह की मायदेशातली पॉलिसी?

आई-बाबांसाठी प्रवासातल्या आरोग्य विम्याची पॉलिसी शोधायला बसलं की बहुतेकांची नजर आधी हप्त्यावर जाते आणि मग कमाल रकमेवर: पन्नास हजार डॉलर की एक लाख? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की पॉलिसी पैसे कोणत्या पद्धतीने देते. दुसरा असा की त्यांना आधीपासून असलेल्या आजाराने परदेशात उचल खाल्ली तर ती काय करते. हप्त्यातला फरक इथूनच येतो.

उदाहरण घेऊ. बाबा 68 वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. आई 64 वर्षांची, फक्त थायरॉइडची गोळी. दोघं तीन महिन्यांसाठी अमेरिकेतल्या मुलीकडे येणार आहेत. इथले सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण पॉलिसींची रचना खरोखर अशीच असते.

बाबांना एका रात्री अचानक छातीत तीव्र कळ येते. अँब्युलन्स, इमर्जन्सी रूम, अँजिओग्राफी, नवा स्टेंट आणि तीन दिवस दवाखान्यात. बिल 80,000 डॉलर आलं असं धरू.

फिक्स्ड पॉलिसीत प्रत्येक गोष्टीची रक्कम आधीच ठरलेली असते, बिल कितीही येवो. खोलीचे दिवसाला 1,500 प्रमाणे 4,500, डॉक्टरांच्या प्रक्रियेचे 4,000, इमर्जन्सी रूमचे 500, तपासण्यांचे 800, अँब्युलन्सचे 400. एकूण 10,200. उरलेले 69,800 डॉलर कुटुंबाच्या माथी. पॉलिसीवर एक लाख छापलेलं असलं तरी त्या आकड्यापर्यंत पोचण्याची वेळच येत नाही. हे 10,200 सुद्धा हृदयविकार आधीपासूनचा म्हणून वगळलेला नसेल तरच.

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी बिलाच्या प्रमाणात देते. आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचा तुमचा वाटा, धरा 250 डॉलर. पुढच्या 5,000 पैकी विमा कंपनी 80 टक्के देते, तुम्ही 1,000. त्यानंतरचं सगळं, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत, कंपनीचं. म्हणजे तुमच्या खिशातून 1,250. हप्ता फिक्स्डपेक्षा बराच जास्त असतो, तो या फरकासाठी.

मात्र बाबांचा आजार जुना आहे, म्हणून हा हिशेब एका कलमातून गाळून जातो. त्याचं नाव ‘अॅक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’. आधीपासूनच्या आजाराने अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता, झपाट्याने उचल खाल्ली आणि तातडीचे उपचार लागले, तरच हे कलम लागू होतं. बहुतेक पॉलिसींत उपचार 24 तासांच्या आत घ्यावे लागतात. रुग्ण स्थिर झाला की या कलमाखालचं संरक्षणही संपतं. पुढची फॉलोअप तपासणी, रोजची औषधं, ठरवून करायची शस्त्रक्रिया यांत धरलेली नसते.

आता तीच रात्र थोडी बदलू. बाबांना दोन दिवसांपासून छातीत जड वाटत होतं. ‘मुलीला कशाला त्रास’ म्हणून ते बोलले नाहीत. इमर्जन्सी रूममधल्या डॉक्टरांना मात्र त्यांनी सांगितलं आणि ते केसपेपरवर आलं. कंपनी दावा तपासताना नेमका तोच कागद मागवते. पूर्वसूचना होती आणि 24 तास उलटले होते, म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. यावर उपाय खोटं सांगण्याचा नाही. डॉक्टरांपासून लक्षणं लपवणं जिवावर बेतू शकतं. विमानात बसण्याआधीच बाबांना स्पष्ट सांगायचं: छातीत जड वाटलं, बोलताना जीभ अडखळली, एक हात बधिर झाला, तर त्याच मिनिटाला सांगा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

हळूहळू बिघडणारं काहीही या कलमात बसत नाही. महिनाभर साखर वाढत गेली आणि पायाची जखम चिघळली, तर फिक्स्ड किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीकडून काही मिळण्याची आशा फारशी धरू नये. मधुमेहासाठी मोठी पॉलिसी घेतली म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा गैरसमज इथेच होतो.

वय ही दुसरी कात्री. अनेक पॉलिसींत 70 वर्षांखाली या कलमाची मर्यादा मोठी असते, सत्तरीनंतर ती एकदम खाली येते आणि ऐंशीनंतर पुष्कळदा मिळतच नाही. बाबा 72 चे असते आणि त्या वयासाठी मर्यादा 25,000 असती, तर त्याच 80,000 च्या बिलात 55,000 तुमचे. म्हणून माहितीपत्रकातला मोठा आकडा सोडून पॉलिसीच्या मूळ मजकुरातला वयोगटाचा तक्ता उघडा.

त्याच मजकुरात आधीपासूनच्या आजाराची व्याख्याही वाचा. काही पॉलिसी मागची दोन-तीन वर्षं पाहतात, काही पाच. पुष्कळ व्याख्यांमध्ये निदान झालेलं नसलं तरी शरीरात असलेला आजार धरला जातो. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे मायदेशातून घेतलेली प्रवास विमा पॉलिसी. हप्ता आपल्या चलनात, सामान हरवणं किंवा विमान चुकणंही धरलेलं, शिवाय दाव्यासाठी ओळखीच्या भाषेत बोलता येतं. निरोगी पन्नाशीतल्या पालकांसाठी ती मला चांगली वाटते. पण ज्येष्ठांसाठी अशा काही पॉलिसींत खोली, आयसीयू आणि शस्त्रक्रियेवर स्वतंत्र उपमर्यादा असतात, म्हणजे ती कॉम्प्रिहेन्सिव्ह दिसते आणि दाव्याच्या वेळी फिक्स्डसारखी वागते. जुन्या आजारासाठी तर कित्येकदा फक्त जिवावर बेतलेली स्थितीच, तीही विमा रकमेच्या छोट्या हिश्श्यापर्यंत. अर्जात स्टेंट, साखर, रक्तदाब सगळं लिहावंच लागतं. लपवलं तर दावा त्याच कारणाने फेटाळला जातो.

पडून मांडीचं हाड मोडणं किंवा न्यूमोनिया होणं, हे नवे प्रसंग. यांत कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि वृद्ध पालकांच्या बाबतीत हे धोके हृदयविकारापेक्षा कमी लेखू नयेत. मला तर केवळ यासाठीसुद्धा तिचा जादा हप्ता रास्त वाटतो.

दवाखाना आणि डॉक्टर अमेरिकेत पुष्कळदा वेगवेगळी बिलं पाठवतात. म्हणून पॉलिसीच्या नेटवर्कमधला दवाखाना आणि इमर्जन्सी रूम कोणती, हे पालक पोचण्याआधी शोधून ठेवा. अर्थात प्रसंग जीवघेणा असेल तर जवळचा दवाखानाच गाठा. 1986 च्या कायद्यानुसार, मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य विमा योजना स्वीकारणाऱ्या दवाखान्यांच्या इमर्जन्सी विभागाला पैशांची चौकशी मध्ये न आणता तपासणी करून रुग्णाला स्थिर करावं लागतं. बिल मात्र नंतर येतंच. दाखल केल्यावर पॉलिसीवरच्या नंबरावर कंपनीला लवकर कळवणं बहुतेक पॉलिसींत बंधनकारक असतं.

आमच्या उदाहरणातल्या मुलीला मी एकच पॉलिसी दोघांसाठी घ्यायला सांगणार नाही. बाबांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह, अॅक्यूट ऑनसेटची मर्यादा पूर्ण रकमेएवढी असलेली, किमान एक लाखाची, निघण्याच्या दिवसापासून सुरू होणारी. आईसाठीही कॉम्प्रिहेन्सिव्हच, पण डिडक्टिबल 500 किंवा 1,000 ठेवून. त्याने हप्ता उतरतो आणि वाचलेले पैसे बाबांच्या मोठ्या मर्यादेकडे वळवता येतात. बाबांची रोजची औषधं मात्र तीन महिन्यांहून थोडी जास्त, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत यायला हवीत, कारण ती कुठलीच पॉलिसी विकत घेऊन देणार नाही.