कर्ज काढण्याचा अधिकार कोणाला द्यावा: समितीला की व्यवस्थापकीय संचालकांना?

कंपनीसाठी कर्ज काढायचे तर संचालक मंडळाच्या सभेत ठराव लागतो. दर वेळी सभा बोलावणे जमत नसेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९(३) नुसार मंडळ हा अधिकार संचालकांच्या समितीकडे किंवा व्यवस्थापकीय संचालकांकडे सोपवू शकते. सोपवण्याचा ठराव मात्र सभेतच व्हावा लागतो. सभा न घेता कागद फिरवून संमती घेतलेल्या, म्हणजे फिरत्या ठरावाने भागत नाही. १९५६ च्या कायद्यात रकमेची कमाल मर्यादा ठरावात लिहिणे बंधनकारक होते. आता अटी मंडळावर सोडल्या आहेत, त्यामुळे ढिसाळ ठरावही सहज मंजूर होतात.

दोन्हींतला खरा फरक नोंदीचा आहे. समितीची सभा झाली की इतिवृत्त तयार होते आणि ते मंडळाच्या पुढच्या सभेपुढे येते. व्यवस्थापकीय संचालक मात्र बँकेच्या कागदांवर सही करतात आणि काम संपते. मंडळाला कळावे असे वाटत असेल, तर तशी सोय ठरावातच हवी: कर्जाची रक्कम, व्याजदर, तारण आणि देणे बाकी यांचे पत्रक दर सभेपुढे ठेवावे.

समितीची अडचण वेगळी. ठरावात गणपूर्ती लिहिली नाही, तर मंडळ व समितीच्या सभांचे नियम ठरवणाऱ्या सचिवीय मानक १ प्रमाणे सर्व सदस्य हजर लागतात. तिघांपैकी एक परदेशी गेला की समिती अडते. दोनच संचालक असतील, तर समितीचा खटाटोप मला निरर्थक वाटतो.

सर्वाधिक गोंधळ मर्यादेच्या शब्दांत होतो. समजा, ठरावात ‘२ कोटी रुपयांपर्यंत’ एवढेच आहे. जूनमध्ये दीड कोटी घेतले, सप्टेंबरमध्ये एक कोटी फेडले, ऑक्टोबरमध्ये आणखी १.२ कोटी घेतले. देणे बाकी १.७ कोटी, म्हणजे मर्यादेत. पण वर्षभरात घेतलेली बेरीज २.७ कोटी, म्हणजे मर्यादेबाहेर. बँकेचा वकील दुसरा अर्थ लावू शकतो. म्हणून असे लिहावे: ‘कोणत्याही दिवशी मुद्दलाची एकूण देणे बाकी २ कोटी रुपयांहून अधिक नसावी आणि एका वेळचे कर्ज १ कोटीहून अधिक नसावे.’ मंजूर कॅश क्रेडिटमधून रोज होणारी उचल कायदा वेगळे कर्ज मानत नाही. पण बाकी मोजताना ती धरायची की नाही, तेही ठरावात असू द्या.

माझा कल असा: खेळत्या भांडवलाची नेहमीची छोटी कर्जे व्यवस्थापकीय संचालकांकडे, जमीन वा यंत्रे तारण ठेवून घ्यायचे मुदत कर्ज समितीकडे, कारण तिथे अटींवर दोघा-तिघांचा विचार व्हायला हवा.

सोपवलेल्या अधिकाराच्या मुदतीसाठी ‘पुढील ठरावापर्यंत’ लिहू नका. ‘३१ मार्च २०२७ पर्यंत, किंवा पद सोडेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते’ असे लिहा. मुदत संपल्यावर नवे कर्ज काढता येणार नाही, पण आधी घेतलेल्या कर्जांना बाध येणार नाही, हे वाक्यही जोडा; बँक ते हमखास विचारते. पब्लिक कंपनीने हा ठराव ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे MGT-14 या फॉर्ममध्ये दाखल करायचा असतो.